तीस लाख वहिनींच्या नावावर

निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हातात भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे एकदमच येतात. त्या दिवसांत घरी येणारा जवळजवळ प्रत्येकजण त्याला एक सल्ला देऊन जातो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला तीस लाखच ठेवता येतात, तेव्हा तीस लाख तुमच्या नावावर टाका आणि तीस लाख वहिनींच्या नावावर. नवरा-बायकोतल्या देण्याघेण्यावर कर नसतो आणि वहिनींना दुसरे उत्पन्नही नाही, म्हणजे त्यांचे व्याज करमुक्तच.

या सल्ल्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पतीने पत्नीला कितीही रक्कम भेट दिली तरी ती रक्कम पत्नीचे उत्पन्न धरली जात नाही, कारण जोडीदार आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत बसतो. तीस लाख काय, तीन कोटी दिले तरी त्या देण्यावर कर नाही. गडबड होते ती दुसऱ्या अर्ध्या भागात. रकमेवर कर नाही म्हणून त्या रकमेतून येणाऱ्या व्याजावरही पतीला कर नाही, असे आपण गृहीत धरतो. कायद्याने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. पैसे पत्नीचे झाले, खाते तिचे, पावती तिची, व्याजही तिच्याच खात्यात जमा होणार. पण ते व्याज करापुरते पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. यालाच कर सल्लागार क्लबिंग म्हणतात. नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे. कमावत्या पत्नीने पतीला पैसे दिले, तर त्यातून आलेले उत्पन्न तिच्या नावे धरले जाते.

ही तरतूद नवी नाही. आपल्याकडे ती १९३७ सालच्या दुरुस्तीने आली. उत्पन्न जितके मोठे तितका कराचा दर चढा, अशी रचना असेल तर जास्त कमावणारा माणूस आपली मालमत्ता घरातल्या कमी कमावणाऱ्याच्या नावावर करणार, हे तेव्हाच लक्षात आले होते. पुढे १९६१च्या कायद्यात ती कलम ६४ म्हणून राहिली आणि १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले असले तरी मूळ नियम तोच आहे. योग्य मोबदला न घेता जोडीदाराला मालमत्ता दिली, तर तिच्यातून येणारे उत्पन्न देणाऱ्याचे. प्रेम आणि जिव्हाळा हा योग्य मोबदला होतो का, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तुलसीदास किलाचंद यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की या कलमापुरता तो मोबदला होत नाही.

आता तीस-तीस लाखांचा तो सल्ला आकड्यांत तपासू. समजा निवृत्त पतीला दरमहा ६५ हजार रुपये पेन्शन आहे. वर्षाचे झाले ७ लाख ८० हजार. नव्या करप्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात ७ लाख ५ हजार. त्याच्या स्वतःच्या तीस लाखांवर ज्येष्ठ नागरिक योजनेचे ८.२ टक्क्यांनी २ लाख ४६ हजार व्याज येते. बँकेतल्या जुन्या मुदत ठेवींचे १ लाख ४९ हजार येतात. एकूण करपात्र उत्पन्न बरोबर ११ लाख. २०२५-२६च्या नियमांप्रमाणे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो, म्हणून हा गृहस्थ निर्धास्त आहे.

पण पत्नीला दिलेल्या तीस लाखांवरही २ लाख ४६ हजारच व्याज आले आहे आणि ते याच्या उत्पन्नात मिळवायचे आहे. उत्पन्न झाले १३ लाख ४६ हजार. बारा लाखांची रेषा ओलांडली की सवलत जाते आणि कर चार लाखांच्या वरच्या टप्प्यापासून मोजला जातो. चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर २० हजार, आठ ते बारा लाखांवर ४० हजार, बारा लाखांवरच्या १ लाख ४६ हजारांवर पंधरा टक्क्यांनी २१ हजार ९००. बेरीज ८१ हजार ९००, आणि चार टक्के उपकर धरून ८५ हजार १७६ रुपये. काल ज्याचा कर शून्य होता, त्याला आज पंच्याऐंशी हजार भरायचे आहेत. रेषा थोडक्यात ओलांडणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न असेल त्याहून जास्त कर तेव्हा घेतला जात नाही. पण इथे उत्पन्न रेषेच्या इतके पुढे गेले आहे की त्या सवलतीचा काही उपयोग होत नाही.

हेच पत्नीच्या ठेवीच्या बाजूने पाहा. २ लाख ४६ हजार व्याजातून ८५ हजार १७६ वजा केले तर हाती राहतात १ लाख ६० हजार ८२४. म्हणजे तीस लाखांवर वर्षाला जेमतेम ५.३६ टक्के. सुरक्षित आणि सर्वांत चांगला दर म्हणून ज्या योजनेत पैसे टाकले, तिचे कर जाऊन उरलेले उत्पन्न हे असे निघते. आणि ही गोष्ट घरात कळते कधी? बहुतेक वेळा विवरणपत्र भरताना, म्हणजे पैसे पाच वर्षांसाठी गुंतवून झाल्यावर.

या प्रकरणात एक कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. पोस्टात किंवा बँकेत खाते उघडताना काउंटरवरचा कर्मचारी विचारतो, "मॅडम, कर न कापण्याचा अर्ज देणार ना? नाहीतर टीडीएस कापला जाईल." साठीच्या पुढच्या व्यक्तीने एवढे लिहून दिले की माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, तर व्याजातून कर कापला जात नाही. साठीच्या आतल्यांसाठीही असाच अर्ज आहे. पत्नीला दुसरे उत्पन्न नाही, म्हणून तिला आणि कर्मचाऱ्यालाही हा अर्ज देणे अगदी योग्य वाटते. सही कुठे करायची ते दाखवले जाते, ती सही करते. पण १९६१च्या कायद्याखाली वर्षानुवर्षे चालत आलेल्या त्या अर्जाच्या शेवटच्या प्रतिज्ञेत एक वाक्य आहे: या अर्जात दाखवलेले उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कोणाच्याही एकूण उत्पन्नात मिळवले जाणारे नाही. पतीने दिलेल्या पैशाच्या व्याजाबाबत ही प्रतिज्ञा खोटी ठरते. पत्नीला कलम ६४ म्हणजे काय ते ठाऊकही नसते, पण सही तिची असते. चुकीच्या प्रतिज्ञेसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. नकळत केलेल्या चुकीसाठी कोणी लगेच खटला भरेल असे नाही, तरी पतीच्या पैशाच्या ठेवीवर हा अर्ज देऊच नये. दिला असेल तर पुढच्या वर्षापासून थांबवावा.

अर्ज दिला नाही तर काय होते? ज्येष्ठ नागरिकाचे वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर गेले की दहा टक्के कर कापला जातो. आपल्या उदाहरणात २४ हजार ६०० रुपये कापले जातील, आणि ते पत्नीच्या पॅनवर दिसतील. मग उत्पन्न दाखवायचे पतीने आणि कापलेला कर पडून राहायचा पत्नीच्या खात्यावर, असे होईल की काय? नियमावलीत याला उत्तर आहे. आयकर नियमांप्रमाणे पत्नीने बँकेला किंवा पोस्टाला लेखी कळवायचे की हे उत्पन्न माझ्या पतीच्या नावे करपात्र आहे. पतीचे नाव, पत्ता, पॅन आणि कारण द्यायचे. मग कापलेल्या कराचे श्रेय पतीला मिळू शकते. विवरणपत्रातही त्यासाठी जागा आहे. टीडीएसच्या तक्त्यात हा कर आपल्या स्वतःच्या पॅनवरचा की दुसऱ्याच्या, असे विचारलेले असते. तिथे पतीने दुसऱ्याचा असे निवडून पत्नीचा पॅन लिहायचा, आणि पत्नीने आपल्या विवरणपत्रात तेवढे श्रेय पतीकडे जात असल्याचे दाखवायचे. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत, म्हणून दोघांची विवरणपत्रे एकाच बैठकीत भरावीत.

पतीने साधा आयटीआर-१ न भरता आयटीआर-२ घ्यावा. त्यात Schedule SPI नावाचा तक्ता आहे. जोडीदार किंवा अज्ञान मुलाचे जे उत्पन्न आपल्यात मिळवायचे, ते तिथे त्यांचे नाव, पॅन, नाते आणि रक्कम लिहून दाखवायचे. हा तक्ता भरला की पत्नीच्या पॅनवर दिसणारे व्याज कुठे गेले, याचे उत्तर विभागाला तिथेच मिळते. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात पत्नीच्या प्रत्येक ठेवीचे व्याज नोंदलेले असते. त्यामुळे ते कोणाच्याच विवरणपत्रात नसेल तर विचारणा होण्याची शक्यता मोठी असते. ते पत्नीच्या विवरणपत्रात दाखवून तिने कर भरला, तरी पतीची जबाबदारी संपत नाही. चुकीच्या माणसाने भरलेला कर आपोआप बरोबर माणसाच्या खात्यात वळत नाही.

इथवर वाचून पत्नीच्या नावावर काही ठेवण्यात अर्थच नाही असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. क्लबिंगला एक स्पष्ट मर्यादा आहे आणि ती पत्नीच्या बाजूची आहे. पतीने दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीचे. पण ते उत्पन्न एकदा पत्नीच्या हाती आले की ते तिचे स्वतःचे धन होते, आणि त्यातून पुढे जे उगवते ते तिचेच. मुंबई उच्च न्यायालयाने पोपटलाल भिकमचंद यांच्या प्रकरणात हे फार पूर्वीच मान्य केले आहे. व्याज पतीचे, व्याजावरचे व्याज पत्नीचे.

आपल्या जोडप्याच्या बाबतीत हे असे चालेल. योजनेचे व्याज दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये, असे पत्नीच्या खात्यात येते. तिने वर्षभरातले २ लाख ४६ हजार न खर्चता वेगळ्या मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले, तर पुढच्या वर्षी त्यावर १७ हजार २२० रुपये व्याज येईल. हे १७ हजार २२० तिचे उत्पन्न, पतीच्या विवरणपत्राशी त्यांचा संबंध नाही. पाच वर्षे असे चालले तर मूळ तीस लाखांचे १२ लाख ३० हजार व्याज आणि त्यावर साचलेले व्याज अशी मोठी रक्कम पूर्णपणे तिची झालेली असेल. मुदत संपून तीस लाख परत आले आणि पुन्हा गुंतवले, तर त्या तीस लाखांचे उत्पन्न मात्र पतीकडेच जात राहील, अगदी विसाव्या वर्षीसुद्धा.

हा हिशेब कागदावर सोपा दिसतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमका तोच मोडतो. तिमाहीचे व्याज ज्या खात्यात येते त्याच खात्यात पतीची पेन्शन, मुलाने पाठवलेले पैसे आणि भाड्याची रक्कम येते, आणि त्यातूनच किराणा, वीजबिल, औषधे जातात. तीन वर्षांनी त्या खात्यातून पाच लाखांची ठेव काढली तर ती कोणत्या पैशांतली? व्याजातली म्हणावी तर सिद्ध कशी करणार? अधिकाऱ्याने सगळीच रक्कम पतीची धरली, तर खोडून काढायला आपल्याकडे काही उरत नाही. म्हणून पत्नीच्या नावे दोन खाती हवीत. एका खात्यात फक्त पतीने दिलेली रक्कम यावी आणि तिथूनच ती गुंतवली जावी. दुसऱ्यात त्या गुंतवणुकीचे व्याज यावे आणि तिथून तिच्या स्वतःच्या ठेवी व्हाव्यात. घरखर्च या दोन्हींतून करू नये. शिवाय भेट दिल्याच्या दिवशी साध्या कागदावर तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि दोघांच्या सह्या असलेले पत्र करून ठेवावे. पैसे नेहमी बँकेतूनच द्यावेत.

पैशाने रूप बदलले तरी हा नियम त्याच्या मागेमागे जातो. पतीने दिलेल्या दहा लाखांतून पत्नीने आधी ठेव केली, मग ठेव मोडून म्युच्युअल फंड घेतला, मग फंड विकून शेअर घेतले, तरी मूळ दहा लाखांचा माग तुटत नाही. आणि हे केवळ व्याजापुरते नाही. विक्रीतला भांडवली नफाही पतीच्या उत्पन्नात जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सेवंतीलाल माणेकलाल शेठ यांच्या प्रकरणात ठरवले आहे.

तरुण जोडप्यांना फटका बसतो तो इथे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पतीने घर सांभाळणाऱ्या पत्नीला दहा लाख दिले, तिने ते इक्विटी फंडात घातले आणि तीन वर्षांनी चौदा लाखांना विकले. नफा चार लाख. त्यांचा अंदाज असतो की सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त, उरलेले पावणेतीन लाख पत्नीच्या चार लाखांच्या मूळ मर्यादेत बसतात, तेव्हा कर शून्य. पण हा नफा पतीचा. त्याने आपली सव्वा लाखाची सूट आपल्याच फंडांवर वापरलेली असेल, तर चारही लाखांवर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून ५२ हजार रुपये भरावे लागतात. या चौदा लाखांतले चार लाख मात्र आता पत्नीचे झाले. तिने चौदा लाख पुन्हा एकत्रच गुंतवले तर पुढच्या उत्पन्नाचे सातातले पाच भाग पतीकडे आणि दोन भाग तिच्याकडे, असे वाटून दाखवावे लागेल. चार लाख वेगळ्या फोलिओत टाकले तर ही कटकटच राहत नाही. याउलट तोटा झाला तर तोही पतीकडेच जातो, आणि त्याच्या नफ्यातून तो वजा करता येतो. हे लक्षात न आल्याने अनेकांचा तोटा पत्नीच्या नावावर वाया जातो.

आयपीओच्या दिवसांतही हेच होते. अर्जाची संधी वाढावी म्हणून पत्नीच्या डीमॅटवरून अर्ज केला जातो. अर्जाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून चालत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी पंधरा हजार पत्नीच्या खात्यात पाठवले जातात. शेअर मिळून नोंदणीच्याच दिवशी विकले, तर झालेला अल्प मुदतीचा नफा पतीचा आणि त्यावर वीस टक्के कर. रक्कम लहान असते, पण वर्षभरात असे बरेच अर्ज झाले की हिशेब वाढतो.

मग लोक आडवाटा शोधतात. पतीने आपल्या आईला द्यायचे आणि आईने सुनेला. किंवा दोन भावांनी एकमेकांच्या बायकांना द्यायचे. कायद्यात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' हे शब्द त्यासाठीच आहेत. कोठारी कुटुंबाच्या प्रकरणात वडिलांनी सुनेला आणि मुलाने आईला पैसे दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ही देणी एकमेकांत गुंतलेली आहेत, एकाशिवाय दुसरे झाले नसते, असे पाहून त्यांना पतीने पत्नीला दिल्यासारखेच मानले. शिवाय आज सासऱ्याने किंवा सासूने सुनेला दिलेल्या पैशाचे उत्पन्नही देणाऱ्याच्या नावे धरले जाते, त्यामुळे आई मधे घालून काहीच साधत नाही. बिनव्याजी उसने दिले असे दाखवण्याचाही सल्ला कोणी देतो. त्यावर मी तरी विसंबणार नाही. खरे कर्ज असेल तर करार हवा, बाजारातल्यासारखा व्याजदर हवा आणि व्याज दरवर्षी बँकेतून खरोखर दिलेले हवे. ते व्याज पतीच्या नावे करपात्र होईल, आणि ज्या पत्नीला उत्पन्नच नाही ती ते देणार कुठून, हा प्रश्न राहतोच.

सरळ वाटा वेगळ्या आहेत. पत्नी कमावती असेल तर तिचा पगार पूर्ण गुंतवावा आणि घरखर्च, हप्ते, शाळेची फी पतीच्या पगारातून भरावी. यात पतीने तिला गुंतवायला काही दिलेलेच नसते, म्हणून मिळवायलाही काही नसते. दोघे कमावते असलेल्या घरासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही, आणि तरी अनेक घरांत याच्या नेमके उलट चालते: तिच्या पगारात घर चालते आणि त्याच्या पगारातून दोघांच्या नावे गुंतवणूक होते. पत्नीला माहेरून मिळालेले पैसे, लग्नाआधीची तिची बचत, तिला वारशाने आलेले, हे सगळे तिचेच. लग्नाआधी दिलेल्या भेटीलाही क्लबिंग लागत नाही, कारण पैसे देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी पती-पत्नीचे नाते असावे लागते. पतीच्या निधनानंतर किंवा घटस्फोटानंतर म्हणूनच ते थांबते. कमावत्या सज्ञान मुलाने स्वतःच्या कमाईतून आईला दिलेल्या पैशाचे उत्पन्नही आईचेच. मात्र त्यासाठी वडिलांनी आधी मुलाला पैसे पुरवले असतील तर पुन्हा कोठारींचीच गोष्ट.

गोव्यातल्या वाचकांसाठी चित्र बरेच वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि १९६१च्या कायद्यातले कलम ५ए त्यांच्यासाठीच आहे. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडे, व्याज, भांडवली नफा आणि धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवायचे. त्यासाठी विवरणपत्रात वेगळा तक्ताही आहे. जो विभाजनाचा फायदा मिळवायला पुण्या-नाशिकची जोडपी धडपडतात, तो या संहितेखालच्या जोडप्यांना कायद्यानेच मिळतो. पण व्याज एकट्याच्याच पॅनवर दाखवून तो अनेकजण घालवतात.

ज्यांनी मागच्या वर्षांत पत्नीचे व्याज मिळवलेले नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. मुदत असेल तर सुधारित विवरणपत्र, ती गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्र. दुसऱ्यात कर आणि व्याजाच्या वर जादा रक्कम द्यावी लागते. पहिल्या वर्षात ती पंचवीस टक्के असते आणि पुढे चढत जाते. नोटीस येऊन कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड बसला तर तो लपलेल्या कराच्या निम्मा असतो. म्हणून आपणहून आणि लवकर भरणे स्वस्त पडते.

आता त्या निवृत्त गृहस्थाने पैसे टाकण्याआधी हिशेब केला असता तर? त्याच्या ११ लाखांच्या आणि १२ लाखांच्या रेषेच्या मधे एक लाखाची जागा आहे. पत्नीच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत १२ लाख ठेवले तर व्याज ९८ हजार ४०० येते. जागेत बसते, पण बचत खात्याच्या चार पैशांच्या व्याजालाही उसंत उरत नाही. ११ लाख ठेवले तर व्याज ९० हजार २००, उत्पन्न ११ लाख ९० हजार २००, कर शून्य. उरलेल्या एकोणीस लाखांतले दरवर्षी दीड लाख पत्नीच्या पीपीएफ खात्यात जाऊ शकतात. ते व्याज मुळात करमुक्त असल्याने पतीच्या उत्पन्नात मिळवले तरी कर वाढत नाही. पैसे पंधरा वर्षे अडकतात, हे मात्र साठीच्या माणसाने नीट पाहावे. बाकीची रक्कम म्युच्युअल फंडाच्या ग्रोथ पर्यायात ठेवता येईल. तिथे विकेपर्यंत उत्पन्नच होत नाही, मग मिळवायचे काय? किती आणि कोणत्या वर्षी विकायचे ते आपल्या हातात राहते. त्यात ८.२ टक्क्यांची हमी नाही, आणि ज्या वर्षी विकू त्या वर्षीचा नफा पतीच्या बारा लाखांच्या हिशेबात येईल, म्हणून मार्चमध्ये विकण्याआधी तोपर्यंतचे त्याचे व्याज आणि पेन्शन यांची बेरीज करून पाहायची आणि जागा नसेल तर एप्रिलपर्यंत थांबायचे.